सोळा स्लाइड्स चिकटवल्या म्हणजे पोस्टर होत नाही

संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर करताना असा सल्ला ऐकू येतो: “पीपीटी तयार असेल तर पोस्टर अर्ध्या तासाचं काम. सोळा स्लाइड्स आडव्या ए-झिरोवर चार-चारच्या रांगांत लावा. काहीही कापू नका, परीक्षक सगळं बघतात. नंबर टाकले की क्रम कळतो.”

आधी आकाराचं बघू. आडवा ए-झिरो ११८.९ सेंटिमीटर रुंद असतो. समास सोडले तर चारांपैकी प्रत्येक स्लाइडला जेमतेम २८ सेंटिमीटर मिळतात. मूळ स्लाइड जवळपास ३४ सेंटिमीटरची, त्यामुळे तिच्यावरचा १८ पॉइंटचा मजकूर १५ पॉइंटवर येतो. दीड मीटरवरून तो वाचायचा तर डोळे बारीक करावे लागतात. मजकूर निदान २४ पॉइंटचा हवा. खात्री करायची तर छापायला देण्याआधी पोस्टर ए-फोरवर काढा. अक्षरं चौपट लहान होतात, म्हणजे २४चे ६ पॉइंट. हातात धरून तो कागद वाचता आला तर पोस्टरही वाचता येईल.

‘काहीही कापू नका’ हा यातला सर्वांत घातक सल्ला. समजा, आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी विषय आहे विहिरींतलं नायट्रेट, पावसाआधी आणि पावसानंतर. अनुक्रमणिका आणि ‘धन्यवाद’ या स्लाइड्स लगेच जातात. प्रस्तावनेच्या तीन स्लाइड्सची चार वाक्यं होतात. नमुने कसे घेतले, याच्या मुद्द्यांऐवजी विहिरी दाखवणारा एक नकाशा आणि त्याखाली दोन ओळी पुरतात. खरं काम निकालांत आहे. तिथे चार स्लाइड्सवर चार आलेख असतात, कारण बोलताना ते एकामागून एक दाखवायचे होते. पोस्टरवर त्यांचा एकच मोठा आलेख करा: प्रत्येक विहिरीचे दोन ठिपके, एक आधीचा, एक नंतरचा, आणि पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेची आडवी लाल रेघ. किती विहिरी रेघेच्या वर गेल्या, ते लांबूनही मोजता येतं. वर ‘निकाल’ असं शीर्षक नको. आकडे तसं सांगत असतील तर ‘पावसानंतर उथळ विहिरींत नायट्रेट वाढलं’ असं सरळ लिहा. आणि आलेख स्लाइडचा स्क्रीनशॉट म्हणून आणू नका, एक्सेलमधून पुन्हा घ्या. सहाशे पिक्सेलचं चित्र ४० सेंटिमीटरवर ताणलं की आकडे धुरकट होतात.

परीक्षक खोदून विचारतील, हे खरं. त्यासाठी मूळ तक्ते हाताशी ठेवा. भिंतीवर ते लागत नाहीत.

राहिला क्रम. रांगांनी लावलेल्या स्लाइड्स वाचायला माणसाला चार वेळा सव्वा मीटर सरकत जावं लागतं आणि तीन वेळा परत डावीकडे यावं लागतं. शेजारी गर्दी असली की तो दुसऱ्या रांगेवरच सोडून देतो, नंबर असोत वा नसोत. तीन उभे स्तंभ करा: डावीकडे प्रश्न आणि पद्धत, मधल्या रुंद स्तंभात आलेख, उजवीकडे निकालांचा अर्थ आणि अभ्यासाच्या मर्यादा. एका जागी उभं राहून स्तंभ वरून खाली वाचायचा आणि एकदाच पुढे सरकायचं. स्तंभांमधली मोकळी पट्टी मात्र एकाच स्तंभातल्या दोन चौकटींमधल्या अंतरापेक्षा रुंद ठेवा, नाहीतर नजर खाली उतरायच्या ऐवजी शेजारी उडी मारते.