पाच सात आणि पस्तीस हजार

"काका, विट्यातला एक डीलर शेवटी ७७७७७ असलेला नंबर देतोय, पस्तीस हजार म्हणतोय. दाजी म्हणतात घेऊन टाक, सोन्यासारखा आहे, कधीपण विकता येतो. जेसीबीवर टाकायला घेऊ का? तुमच्या दुबईत तर लोक करोडो देतात."

पुतण्याचा हा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला आणि मी काही टाईप करायच्या आत आत्याचं उत्तर हजर, की अरे गाडीला नऊ बेरजेचा नंबर घे, आमच्या ह्यांनी घेतला होता, एकदाही पंक्चर नाही. आत्या, तो फोनच्या नंबरचं विचारतोय. पण ती चुकली तरी मुद्द्याच्या जवळ होती, कारण आपल्याकडचं हे वेड गाडीच्या पाटीवरूनच आलंय. ४१४१ लिहिलं की दादा दिसतं, २१४ चं राम होतं, आणि त्यासाठी माणूस आरटीओत जास्तीचे पैसे भरतो. पण पाटी डोळ्यांनी बघायची असते, फोन नंबर बऱ्याचदा कानाने ऐकायचा असतो, हा फरक लक्षात ठेव, पुढे लागणारे.

आधी दुबईचं सांगतो. करोडो देतात हे खरंय. मार्च २०२४ मध्ये इथे लिलावात 058-7777777 हा नंबर ३२ लाख दिरहमला गेला, म्हणजे आपले सात कोटींच्या वर. पण तो लिलाव धर्मादाय निधीसाठी होता, देणाऱ्याला दानाचं पुण्य आणि चार लोकांत नाव, दोन्ही मिळालं. कतारात २००६ साली 666-6666 एक कोटी रियालला गेला तोही चॅरिटीचाच लिलाव. त्यामुळे ह्या आकड्यांवरून तुझ्या विट्याच्या डीलरने भाव काढला तर तो चुकीच्या दुकानात बघतोय.

तरी भाव का चढतो, ह्याला साधा हिशोब आहे. आपल्याकडे दहा आकडी नंबरातले पहिले पाच धरले तर त्यांच्यामागे एक लाख नंबर बसतात, ००००० पासून ९९९९९ पर्यंत. त्यातले शेवटचे पाचही सारखे असे फक्त दहा. शेवटचे चार सारखे म्हटलं की शंभर झाले, तीन सारखे म्हटलं की हजार. म्हणजे एकेक सारखा आकडा वाढला की माल दहा पटीने कमी होतो. त्यात ४ अंकाला चिनी लोक घाबरतात, ८ ला देव मानतात, आपल्याकडे कुणाला ७८६ हवा तर कुणाला बेरीज पाच, म्हणजे त्या दहातले सगळेच काही सारख्या भावाने जात नाहीत. २००३ मध्ये एका चिनी विमान कंपनीने आठ वेळा ८ असलेला नंबर २३ लाख युआनच्या वर देऊन घेतला होता. हे सगळं दुर्मिळपणाचं आणि दिखाव्याचं. लक्षात राहण्याशी त्याचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा खूप कमी आहे.

उलट माझं म्हणणं असं की पाच सात फोनवर सांगायला वाईट. "सात सात सात सात सात" ऐकलेल्या माणसाला चार होते की पाच ते कळत नाही, मग तो ट्रिपल सेव्हन डबल सेव्हन म्हणतो, पलीकडचा एखादा सात कमीजास्त लिहितो आणि कॉल लागतच नाही किंवा तिसऱ्यालाच जातो. ५०५० किंवा १२१२ सारखा जोडीचा नंबर कानाला जास्त चांगला, आणि तसले नंबर कंपन्या आपल्या साइटवर चॉईस नंबर म्हणून थोड्या पैशात निवडू देतात, बीएसएनएल तर सर्कलप्रमाणे ऑनलाईन लिलावच लावतं. आधी तिथे बघितलंस का?

इथे दुबईच्या देऱ्यात मोबाईलचं दुकान चालवणारा माझा एक केरळी दोस्त आहे, वीस वर्षं सिम विकतोय, त्याला तुझा मेसेज वाचून दाखवला. तो हसला आणि म्हणाला, नऊ नऊ नऊवाल्याला विचार त्याला रोज किती ओटीपी येतात. खरंच, फॉर्मवर खोटा नंबर टाकायचा असला की लोक 9999999999 नाहीतर 9876543210 टाकतात, म्हणजे ज्याच्याकडे असला नंबर त्याच्या माथी दुनियेचे ओटीपी, लोनवाले आणि वसुलीवाले. तुझा पूर्ण तसा नाही त्यामुळे एवढा त्रास होणार नाही, पण चुकून लागणारे कॉल येतील.

आता दाजींचं. अर्धं बरोबर आहे. नंबर हातोहात फिरतो हे खरं, पण तो सोन्यासारखा मालकीचा नसतो, कंपनीने वापरायला दिलेला असतो. नव्वद दिवस वापर आणि बॅलन्स नसला की बंद पडतो आणि पुढे दुसऱ्याला जातो. माझा पहिला पुण्याचा नंबर असाच गेला, इथे आल्यावर रिचार्ज करायचं राहिलं आणि एका सकाळी बँकेचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाला जायला लागला, बँकेच्या चकरा मारून मी थकलो. इथे तर आयडीची मुदत संपली की सिमपण धोक्यात. देश सोडला की नंबर सोडला.

डीलर विकतो तेव्हा नक्की काय देतो ते बघ. तो तुला युपीसी देतो, म्हणजे नंबर पोर्ट करायला, तोच नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायला, 1900 ला मेसेज करून मिळालेला कोड. तो तू दुसऱ्या कंपनीत देतोस, तुझं आधार लावतोस आणि नंबर तुझ्या नावावर येतो. कोड चार दिवस चालतो म्हणून "आजच ठरव" असं तो म्हणेल, त्या घाईत लोक फसतात. पैसे घेऊन कोड खोटा निघतो, किंवा पोस्टपेडचं बिल थकलेलं असतं आणि पोर्ट अडकतं, किंवा नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावर असतो आणि तो उद्या तक्रार करतो. म्हणून नंबर त्याच्याकडे चालू आहे का ते समोर कॉल करून बघ, कोड तुझ्यासमोर काढायला लाव, आणि पैसे पोर्ट होऊन तुझ्या सिमवर कॉल आल्यावर दे. टोकन फारतर हजार. आणि पोर्ट झाल्यावर नव्वद दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही, म्हणजे दाजींचं "कधीपण" तिथेच संपलं.

पस्तीस हजार द्यावेत का? तुझी जेसीबी रस्त्याकडेला उभी असते, शेतकरी बाईकवरून जाताना मागच्या पत्र्यावरचा नंबर बघतो आणि संध्याकाळी आठवून फोन लावतो, तिथे डोळ्याला सारखे आकडे कामाला येतात, हे मी मान्य करतो. महिन्यात त्यामुळे चार-पाच तास जादा काम मिळालं तर पैसे वर्षात वसूल होतील. पण ते मिळेल हे कोण सांगणार, मी तरी नाही. आणि जुना नंबर गावभर सेव्ह आहे तो बंद करू नकोस, ड्युअल सिमवर ठेव. मी असतो तर पंधराच्या वर गेलो नसतो, दाजी म्हणतात मी परदेशात राहून चिंधी झालोय.

काल पुतण्याने कळवलं, डीलर पंचवीसवर आलाय पण पोर्ट झाल्यावर पैसे घ्यायला तयार नाही.