एका इमारतीत चार: नेरुळमध्ये फिरणाऱ्या मेसेजला विज्ञान दिनी दिलेलं उत्तर

"आपल्या सेक्टरमध्ये 40 इमारती, दहा वर्षांत कॅन्सरचे 40 पेशंट. नुसता योगायोग असता तर इमारतीमागे एक आला असता. पण 14 इमारतींत एकही नाही आणि एकाच इमारतीत चार! समोर काय आहे बघा: मोबाइल टॉवर. आकडे खोटं बोलत नाहीत. सगळ्यांना पाठवा."

मुलांनो आणि पालकहो, हा मेसेज या हॉलमधल्या बहुतेक फोनांवर आला आहे. लिहिणाऱ्याची काळजी खरी आहे, आणि आज मी त्याचे आकडेही बरोबर धरून चालणार आहे. सोबतच्या यादीत 14 इमारतींत कोणी नाही, 16 इमारतींत एकेक, 7 इमारतींत दोन-दोन, 2 इमारतींत तीन-तीन आणि एकीत चार पेशंट आहेत. बेरीज 40 येते. माझा वाद आहे तो या आकड्यांवरून काढलेल्या निष्कर्षाशी.

पहिला मुद्दा समान वाटपाचा. सगळ्या इमारती सारख्याच मोठ्या आहेत आणि आजार इमारत बघून येत नाही, असं समजा. एकेक करून 20 पेशंट 20 वेगळ्या इमारतींत आले. आता एकविसावा कुठे येईल? 40 पैकी 20 इमारतींत आधीच पेशंट आहे, म्हणून तो त्यांतल्याच एकीत येण्याची शक्यता निम्मी आहे. रिकाम्या इमारतीतच यायचं तर आधीचे 20 कुठे आहेत हे त्याला ठाऊक हवं. योगायोगाला असं काही ठाऊक नसतं, तो प्रत्येक वेळी नव्याने घडतो. चाळीसच्या चाळीस पेशंट एकेका इमारतीत पडण्याची शक्यता काढली, तर ती सुमारे 15 हजार लाख कोटींत एक येते. म्हणून मेसेजमध्ये सांगितलेलं एकसारखं चित्र खरोखर दिसलं असतं, तर मी यादी हाताने बनवली असं म्हटलं असतं.

मग साध्या योगायोगात काय दिसायला हवं? एखादी इमारत एका पेशंटकडून सुटण्याची शक्यता 39/40. चाळीसही पेशंटांकडून सुटण्याची शक्यता म्हणजे 39/40 चा चाळिसावा घात, साधारण 0.36. चाळीस इमारतींना ते गुणलं की साडेचौदा येतात. म्हणजे 14 किंवा 15 इमारती रिकाम्या राहणं हीच अपेक्षा आहे. त्याच रीतीने एक पेशंट असलेल्या सुमारे 15, दोन असलेल्या सात ते आठ आणि तीन असलेल्या दोन ते तीन इमारती निघतात. आता मघाची यादी पुन्हा आठवा. ज्या आकड्यांनी आपल्याला घाबरवलं, ते योगायोगाच्या हिशोबाशी जवळजवळ तंतोतंत जुळतात.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी घरी 1 ते 40 च्या चिठ्ठ्या कराव्यात. एक उचलायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा, असं चाळीस वेळा. आमच्या आठवीच्या मुलांनी हे केलं, तेव्हा इतके आकडे एकदाही न आलेले बघून काहींनी चिठ्ठ्या हरवल्या का म्हणून डबा उपडा केला.

हेच युद्धाच्या काळात लंडनमध्ये घडलं होतं. 1944 च्या जूनपासून जर्मनीची व्ही-1 उडती अस्त्रं शहरावर पडू लागली. काही भागांत ती पुन्हा पुन्हा पडत होती, काही भाग कोरे होते, आणि ठरावीक वस्त्यांवर नेम धरला जातोय असं लोकांना वाटू लागलं. आर. डी. क्लार्क नावाच्या विमागणितज्ञाने दक्षिण लंडनच्या 144 चौरस किलोमीटरचे 576 सारखे चौकोन पाडले आणि 537 अस्त्रं कुठे कुठे पडली ते मोजलं. मुळीच अस्त्र न पडलेले चौकोन हिशोबाने 227 हवे होते, निघाले 229. चार अस्त्रं पडलेले हिशोबाने 7 हवे होते, निघाले 7. एका चौकोनात तर सात पडली होती. तरीही त्या एवढ्या भागात कुठल्या ठरावीक ठिकाणावर नेम असल्याची खूण आकड्यांत नव्हती. हा छोटासा निबंध 1946 मध्ये छापून आला.

आता चार पेशंटांच्या त्या इमारतीकडे येऊ, कारण मेसेजचा खरा जोर तिथे आहे. दहा वर्षांपूर्वीच कोणी त्या इमारतीकडे बोट दाखवून "इथे चार किंवा जास्त होतील" म्हटलं असतं, तर ते खरं ठरण्याची शक्यता पावणेदोन टक्के होती. तसं झालं असतं तर मीही थबकलो असतो. पण इथे आधी चाळीस इमारती पाहिल्या आणि त्यांतली सर्वांत वाईट उचलली. चाळिसांपैकी कुठल्या तरी एकीत चार किंवा जास्त पेशंट असण्याची शक्यता जवळपास 50 टक्के आहे. नाणं उडवून छापा पडावा, इतकी साधी ही गोष्ट. आणि नवी मुंबईत असे कितीतरी सेक्टर आहेत. त्यांतल्या पुष्कळांत अशी एक इमारत असणारच, आणि मेसेज तिथूनच निघतो. शांत सेक्टरमधून कोणी मेसेज पाठवत नाही.

टॉवरचंही तसंच. इमारत आधी सापडली आणि आजाराचं कारण मागून शोधलं गेलं. आपल्याकडे कुठल्याही इमारतीसमोर टॉवर, विजेचं सबस्टेशन, पेट्रोल पंप, नाला, यांपैकी काहीतरी असतंच. ज्या 14 इमारतींत कोणी नाही, त्यांच्यासमोर किती टॉवर आहेत हे मेसेजमध्ये नाही. ते मोजल्याशिवाय टॉवरचं नाव घेता येत नाही. टॉवरच्या लहरींचा अभ्यास हा स्वतंत्र प्रश्न आहे, त्याचं उत्तर या यादीत होय असंही नाही आणि नाही असंही नाही.

एक गोष्ट मात्र मला आवर्जून सांगायची आहे. प्रत्येक पुंजका योगायोगाचा असतो, असं मी म्हणत नाही. 1974 मध्ये अमेरिकेत लुइव्हिलच्या एका प्लास्टिक कारखान्यातल्या मोजक्या कामगारांना यकृताचा एकच, फार दुर्मीळ कॅन्सर झाल्याचं कारखान्याच्या डॉक्टरच्या लक्षात आलं, आणि व्हिनाइल क्लोराइड हा वायू दोषी ठरला. तिथे आकडा छोटाच होता. पण आजार अगदी एकच होता, तो एरवी क्वचितच दिसतो, आणि पेशंट एकाच प्रकारच्या कामातले होते. आपल्या चार पेशंटांना कोणकोणते कॅन्सर आहेत? तोंडाचा, स्तनाचा, रक्ताचा हे वेगळे आजार आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी. ते इथे राहायला कधी आले? बहुतेक कॅन्सर वाढायला अनेक वर्षं लागतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आलेल्याचा आजार या जागेच्या माथी मारता येत नाही. इमारतीत वयस्कर लोक जास्त आहेत का? तिथे फ्लॅट 20 आहेत की 80? इमारती सारख्या मोठ्या नसतील, तर माझा वरचा हिशोबही बदलेल आणि तो फ्लॅटमागे करावा लागेल.

ज्यांना टॉवरची शंका खरोखर तपासायची आहे, त्यांनी आज नकाशा घ्यावा, टॉवरपासून किती मीटरच्या आतल्या इमारती "जवळच्या" धरायच्या ते आजच ठरवून लिहून ठेवावं, आणि जुने 40 पेशंट बाजूला ठेवून यापुढचे नवे पेशंट जवळच्या आणि लांबच्या इमारतींत राहणाऱ्यांच्या संख्येनुसार आणि वयानुसार मोजावेत. सोसायट्यांची तयारी असेल तर नोंदीचा तक्ता मी आणि दहावीची मुलं मिळून आखून देऊ. त्यात पेशंटचं नाव नसेल, आणि कुटुंबाच्या संमतीशिवाय एकही नोंद नसेल.