मी सोडला, रेनकोट सोडेना

गगनबावड्याकडचं आभाळ काळं झालं की आमच्या घरात माळ्यावरून छत्र्या खाली येतात. यंदा त्यांच्यासोबत आण्णांचा जुना पीव्हीसीचा रेनकोट आला. गेल्या पावसाळ्याअखेर मीच त्याची घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला होता. तेव्हा तो वाळला होता का, असं बायकोनं विचारलं. मी म्हटलं, "बऱ्यापैकी."

घडी उलगडताना चर्रर्र असा आवाज झाला. बाहीत हात घातला तो सहज गेला, पण काढताना शर्टाची बाहीही उलटी होऊन आली. वास तर असा, की पुराचं पाणी उतरल्यावर बंद तळघराचं दार उघडावं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय मेलंय रं?"

लक्ष्मीपुरीत माझा एक शाळूसोबती गाड्यांची सीटकव्हरं शिवतो. रेग्झीन हाच त्याचा संसार, म्हणून कोट त्याच्याकडे नेला. त्यानं आधी खिडकी उघडली. मग म्हणाला, "भावा, पीव्हीसी म्हंजे मुळात पाण्याच्या पाइपासारखं कडक. ते मऊ पडावं म्हणून त्यात तेलासारखं प्लॅस्टिसायझर घालत्यात. ते वर्षं गेली की हळूहळू वर येतंय, तोच ह्यो चिकटा. आन् वास बुरशीचा, तो तू ओला ठेवल्याचा."

कोट उलटा केल्यावर दोन प्रकार दिसले. अंगाच्या आणि बाह्यांच्या आत उघडं पीव्हीसी होतं. खांद्यांना आणि टोपीला मात्र पातळ कापडाचं अस्तर, त्यावर आतून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, लेप. त्यानं पांढरं फडकं दोन्हीकडे घासलं. बाहीवर फडकं नुसतं तेलकट, मळकट झालं. खांद्यावर मात्र लेपाचे पापुद्रे सुटून आले, उन्हात सोललेल्या पाठीसारखे. "बाही धुण्याजोगी हाय. खांद्याचा लेप दमट हवेनं कुजलाय, ते धुतलंस तर उरलंसुरलं बी सुटंल. आन् थिनर लावू नको, पीव्हीसीच विरघळायला लागंल."

मग घरी बादलीत कोमट पाणी घेतलं. कडकडीत नाही, गरम पाण्यानं पीव्हीसी आणखी ढिलं पडतं. त्यात भांड्यांचं लिक्विड दोन चमचे. मऊ फडक्यानं आतली बाजू पुसली. ब्रशला मनाई, कारण ओरखड्यांत पुढच्या वर्षीचा मळ बसतो. पाणी चहासारखं झालं. आण्णांनी या कोटात किती पावसाळे काढले याचा तो हिशोब होता. बुरशीसाठी एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी लावून अर्धा तास ठेवलं, मग धुतलं. आता घरात कुबट वास कमी आणि लोणच्याचा जास्त. आई म्हणाली, "बरं झालं, भाकरीबरोबर चालंल."

तरी काखेत चिकटा होताच. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणलं, आधी कोपऱ्यात लावून बघितलं, मग फडकं ओलं करून एक-एक हात फिरवला. जास्त घासलं तर आतलं उरलेलं तेलही ओढलं जातं आणि कोट पत्र्यासारखा होतो. शेवटी सावलीत हँगरला टांगला, बाह्यांत काठ्या घालून. उन्हात नाही. जूनमध्ये ऊन नव्हतंच, त्यामुळे हा नियम मी अगदी काटेकोर पाळला.

दोन दिवसांनी कोट वाळल्यावर परीक्षा. बाहीत वर्तमानपत्राचा कागद घालून वर पाटा ठेवला, रात्रभर. सकाळी कागद निघाला, पण छपाई बाहीवरच राहिली. काखेत उलट्या अक्षरात 'अनुरूप वधू पाहिजे' असं लिहिलेलं. बायकोनं ते दोनदा वाचलं. पुन्हा स्पिरिट, आणि या वेळी कोरा कागद. तो अलगद सुटला, पण त्यावर फिकट तेलकट डाग होता. म्हणजे तेल यायचं थांबलेलं नव्हतं, फक्त मंदावलं होतं. टाल्कम पावडर भुरभुरली की हात छान घसरतो. "आता कॅरम मांडा," बायको म्हणाली.

मग कोपराशी घडी घालून वाकवलं. बाही तडकली नाही. गळ्याशी मात्र बारीक चिरा पडल्या होत्या, आणि तिथं तांब्याभर पाणी ओतल्यावर पाच मिनिटांत आतून थेंब. तडकलेल्या पीव्हीसीला कोणतीच पावडर चालत नाही.

सोबत्यानं निकाल दिला: टोपी-खांदे कापून टाक, बाकीचं गाडीच्या सीटवर घाल. मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी पावसात तीन तास उभ्या असलेल्या गाडीची सीट कोरडीठाक होती. बसून दसरा चौकापर्यंत गेलो. सिग्नलला पाय टेकवून उठायला गेलो, तर रेनकोट माझ्यासोबतच उठला.