रात्री तीनचा खांदा

अंथरुणावर घालायच्या वस्तू माणूस दिवसाढवळ्या कधीच विकत घेत नाही. त्याची वेळ ठरलेली: रात्रीचे तीन. एक हात मुंग्या येऊन बधिर, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि पडद्यावर ढगावर झोपलेली एक हसरी बाई. अशा अवस्थेत बोट 'खरेदी करा'वर पडलं तर दोष बोटाचा नाही. दोष एवढाच, की त्या बोटाच्या मालकाने आपलं नक्की काय बिघडलंय हे विचारलेलं नसतं.

माझ्या मते प्रश्न दोनच आहेत. त्रास कुठे होतो, आणि किती वाजता होतो? गादीवर अंथरायचा मऊ थर म्हणजे टॉपर, चादरीखालचं कूलिंग पॅड आणि अंगाला लावून घ्यायची लांब उशी म्हणजे बॉडी पिलो, ही तीन वेगवेगळ्या दुखण्यांची औषधं आहेत. आपण मात्र खोकल्याचं औषध गुडघ्याला चोळतो आणि वर म्हणतो, कंपनीने फसवलं.

उदाहरणादाखल एक जोडपं घेऊ. डोंबिवलीतले काका आणि काकू, वय पन्नाशीचं. सहा बाय पाचचा बॉक्सचा पलंग, त्यावर आठ वर्षांची काथ्याची गादी, आणि गादीवर 'खराब होऊ नये म्हणून' घातलेलं रेक्झिनचं कव्हर. महिना मे. काकू कुशीवर झोपतात. रात्री तीनला त्यांना खांद्यात आणि कमरेच्या हाडावर ठणका लागून जाग येते. काका उताणे झोपतात. त्यांना बाराला घामाने जाग येते, आणि सकाळी सहाला पाठ अशी आखडलेली असते की चप्पल पायाने शोधावी लागते. दुकानदाराने दोघांना तिन्ही वस्तू दिल्या. म्हणजे मेमरी फोमचा टॉपर, जेलचं कूलिंग पॅड आणि इंग्रजी 'यू'च्या आकाराची बॉडी पिलो.

"अहो, आता यात आपण कुठे झोपायचं?" काकूंचा प्रश्न रास्त होता. पाच फुटी पलंगात 'यू' उशी अडीच फूट खाते. उरलेल्या अडीच फुटांत काका.

सुरुवात काकांच्या पाठीपासून. झोपताना पाठ बरी आणि उठताना आखडलेली असेल, तर बहुतेक वेळा संशयित गादीचा खड्डा असतो. आणि खड्ड्यावर टॉपर घालणं म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यावर सतरंजी अंथरणं. दोन इंची मऊ थर खालच्या गादीचा आकार इमानदारीने उचलतो. पहिले चार दिवस मऊपणाच्या कौतुकात जातात, पाचव्या दिवशी कंबर पुन्हा त्याच खळग्यात.

खड्डा मोजायला सुतळी पुरते. चादर काढायची, गादीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सुतळी ताणून धरायची आणि जिथे कंबर येते तिथे पट्टी उभी करायची. एक इंच, म्हणजे अडीच सेंटीमीटरपर्यंत टॉपर सांभाळून घेतो. त्यापुढे पैसे वाया. काकांच्या बाजूला निघाले चार सेंटीमीटर. पण इथे थांबायचं नाही. गादी जमिनीवर टाकून पुन्हा मोजायची, कारण बॉक्सच्या पलंगात लबाडी अनेकदा प्लायवूडची असते. सामान ठेवायला जागा हवी म्हणून मधला आधार काढलेला असतो आणि प्लाय हळूहळू पोट सोडतो. जमिनीवर काकांचा खड्डा दीड सेंटीमीटरच भरला. उरलेले अडीच प्लायचे. तेव्हा काकांच्या पाठीला हवा होता सुतार: प्लायखाली एक आडवी लाकडी पट्टी ठोकायची, मग गादीची डोक्याकडची बाजू पायाकडे करायची, म्हणजे उरलेला खड्डा कमरेखालून सरकतो. (फोमची गादी जास्त लबाड. रिकामी असताना ती सपाट दिसते आणि वजन पडल्यावर बसते. तिथे सुतळी उपयोगाची नाही. नवरा-बायकोने दोन रात्री जागा बदलायच्या. दुखणं माणसाबरोबर गेलं तर माणसाचं, जागेवर राहिलं तर गादीचं.)

आता काकूंचा खांदा, आणि इथे टॉपर खरा कामाला येतो. कुशीवर झोपलं की सगळं वजन खांदा आणि कमरेचं हाड या दोन टोकांवर येतं. काथ्याची गादी त्या टोकांना आत घेत नाही. तीन-चार तास दाब राहिला की शरीर जागं करतं. दुखणं हाडाच्या टोकावर, मध्यरात्रीनंतर, आणि कूस बदलली की पाच मिनिटांत कमी, असं तिहेरी लक्षण असेल तर टॉपर घ्यावा. पण घेण्याआधी फुकट चाचणी आहे: घरातल्या दोन जाड गोधड्या दुमडून तीन रात्री खांदा-कमरेखाली घालून पाहा. तीनाची जाग साडेचारवर गेली तरी उत्तर मिळालं.

खरेदीला जाताना वजनकाटा न्यावा, असं मी गंभीरपणे म्हणतो. मेमरी फोमची प्रत त्याच्या घनतेत असते, आणि घनमीटरला पन्नास किलोच्या खालचा फोम वर्ष-दोन वर्षांत चपटा होऊ लागतो. सहा बाय पाच फुटांचा दोन इंची टॉपर पन्नासच्या घनतेने साधारण सात किलो भरतो. काकूंचा भरला चार. म्हणजे घनता अठ्ठावीसच्या आसपास, साध्या सोफ्याच्या स्पंजाइतकी. पाकिटावर काहीही छापलेलं असो, काटा खोटं बोलत नाही. घरी तपासायचं तर कोपर टेकवून अंगाचा भार द्या. खालची गादी हाडाला लागली तर रात्रीही लागणार.

मेमरी फोमची आणखी एक खोड म्हणजे तो तापमानाने बदलतो. नाशिकच्या डिसेंबरात आधी फळीसारखा लागतो आणि अंगाच्या उबेने मऊ होतो. डोंबिवलीच्या मेमध्ये तो आधीच विरघळलेला असतो, माणूस आत जातो, आणि चारी बाजूंनी फोम वेढतो. ज्याला उकडतं त्याने लॅटेक्सकडे वळावं. तो महाग आणि उचलायला जड असतो, पण लवकर उसळी घेतो आणि अंगाला कमी वेढतो.

एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. टॉपरवर खांदा आत गेला की डोकं आणि गादीतलं अंतर कमी होतं. जुनी उशी आता उंच पडते. खांद्याचं दुखणं गेलं आणि मान धरली, ही तक्रार टॉपरची नसून उशीची. उशीतला थोडा कापूस काढा.

आता बारा वाजताचा घाम. जेलचं पॅड हातावर ठेवलं की दुकानात गार लागतंच, कारण दुकानात एसी असतो आणि हात फक्त दहा सेकंद असतो. पण गार पॅड गार 'करत' नाही. ते अंगातली ऊब साठवतं, आणि साठवण्याला हद्द असते. हिशोब सोपा आहे. खोली तीस अंशांची, पॅडमध्ये दोन किलो जेल, तेही बरंचसं पाण्यासारखंच. ते चौतीस अंशांपर्यंत, म्हणजे कातडीच्या तापमानापर्यंत, साधारण चौतीस हजार ज्यूल पिऊ शकतं. झोपलेला माणूस साधारण पंचाहत्तर वॅटच्या बल्बइतकी उष्णता सोडतो. त्यातला एक-तृतीयांश पाठीखाली जातो असं धरलं तर पंचवीस वॅट. चौतीस हजारला पंचवीसने भागा, तेराशे साठ सेकंद, म्हणजे बावीस-तेवीस मिनिटं झाली. त्यानंतर काका गरम पाण्याच्या पिशवीवर झोपलेले असतात, तीही स्वतःच्या पैशाने घेतलेल्या. मग कूस बदलून गार कोपरा शोधायचा, तव्यावरच्या भाकरीसारखा.

यावरून जेल बेकार असं नव्हे. ज्यांना पडल्यापडल्या पहिली पंधरा मिनिटं जड जातात, किंवा रजोनिवृत्तीच्या वयात काही मिनिटांचा गरमीचा झोत येतो, त्यांना ते पुरतं, विशेषतः उशीवर. झोत येऊन गेला की उशी उलटायची. रात्रभर गारवा मागणाऱ्याला मात्र पाणी फिरवणारं पॅड लागतं, ज्याच्या नळ्यांतून पलंगाशेजारच्या डब्याने गार केलेलं पाणी फिरतं. तिथेही खुबी आहे. काही डबे नुसत्या पंख्याने किंवा बाष्पीभवनाने पाणी थंड करतात. नागपूरच्या कोरड्या मेमध्ये ते मजेत चालतं, डोंबिवलीत हवाच आधी भिजलेली. खऱ्या शीतयंत्राचा डबा घेतला आणि आकडा अठरावर लावला, तर मेमधल्या किनारी हवेत गादीवरच दव जमतं, कारण तिथे दवबिंदू पंचवीसच्या आसपास असतो. सकाळी काकांना वाटेल, वय झालं. अशा हवेत पाणी सव्वीस-सत्तावीसच्या खाली नेऊ नये. शिवाय काढलेली उष्णता डबा त्याच खोलीत सोडतो, तेव्हा खिडकी उघडी हवी.

थरांचा क्रमही महत्त्वाचा. काकांनी पॅड टॉपरच्या खाली घातलं होतं, 'मऊ वर हवं' म्हणून. दोन इंची फोम म्हणजे चांगला स्वेटर. पॅड गार, टॉपर गार, काका गरम. पॅड नेहमी फक्त चादरीखाली. आणि सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे ते रेक्झिन काढणं, कारण त्यावरून घाम कुठेच जाऊ शकत नाही. सुती कव्हर, सुती चादर आणि अंगावरून जाणारा पंख्याचा वारा एवढ्याने निम्मे काका गार होतात.

उरली बॉडी पिलो. तिचं काम अंग धरून ठेवण्याचं. कुशीवर झोपलं की वरचा पाय पुढे घसरतो, त्याबरोबर ओटीपोटाचं हाड पिळतं आणि कंबर ओढली जाते. उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोहोचली पाहिजे. नुसती गुडघ्यात धरली की पाऊल लोंबतं आणि पिळा तसाच राहतो. तिची जाडी इतकीच हवी की वरची मांडी खालच्या मांडीला समांतर राहील. बैठकीतला टणक लोड घातला तर पाय उलट बाहेर उचलला जातो आणि खुबा रडतो. वरचा हात उशीवर ठेवला की काकूंचा खांदाही पुढे कोसळत नाही, म्हणजे तीनच्या दुखण्यात हिचाही वाटा आहे. बंगाली घरांत यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पाशबालिश असते. 'यू' आकार शेवटच्या तीन महिन्यांच्या गर्भवतीसाठी ठीक, कारण कूस बदलली तरी दोन्हीकडे आधार मिळतो. बाकीच्यांना साडेचार फुटी सरळ उशी पुरे, किंवा जुनी रजई गुंडाळून तीन ठिकाणी नाडीने बांधलेली.

काकांना तिचा एकच उपयोग: पाठीमागे लावली की ते उताणे पडत नाहीत, आणि फक्त उताणं असतानाच घोरणारा माणूस शांत होतो. पण श्वास मध्येच थांबत असेल, गुदमरून जाग येत असेल, तर उशी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

शेवटी डोंबिवलीत असं झालं: सुताराने पट्टी ठोकली, रेक्झिन माळ्यावर गेलं, चार किलोचा टॉपर परत करून पन्नासच्या घनतेचा आला, तोही फक्त काकूंच्या निम्म्या भागाचा, साडेतीन किलोचा. "अगं, मग माझी बाजू खाली राहील," काका म्हणाले. राहिलीच, दोन इंच. 'यू' उशी भाचीला गेली, ती सातव्या महिन्यात होती. जेलचं पॅड आता बाल्कनीत आहे. दुपारी शेजारचा बोका येऊन त्यावर झोपतो आणि साधारण वीस मिनिटांनी उठून जातो.