झोपून तेलाची गुळणी? नका करू, हात जोडते!

आज सकाळी घरच्या ग्रुपवर मावशीने लिहिलं, "यांना रोज अंथरुणातच चमचाभर तीळतेल तोंडात धरायला देते, वीस मिनिटं. बसवत नाही ना त्यांना." काकांना पार्किन्सन्स आहे. खाली अकरा जणांचे अंगठे आणि नमस्कार. माझे हातपाय गार पडले. लगेच फोन केला, तिने उचलला नाही. म्हणून इथे लिहितेय.

आमच्या अण्णांचं तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. अर्धांगाच्या झटक्यातून ते बरे झाले होते, फक्त पाणी पिताना अधूनमधून ठसका लागायचा. त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, मीही नाही. रोज पहाटे आरामखुर्चीत मान मागे टाकून, खोबरेल तोंडात घेऊन ते रेडिओ ऐकत बसायचे. शेजारी स्टीलची वाटी, थुंकायला. मग ढास सुरू झाली. बारीक ताप, चालताना धाप. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग. न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, डाग तिथेच. मग टीबीचा संशय, थुंकीच्या तपासण्या. मग कॅन्सरचा, आणि आई देवापुढून उठेना.

प्रत्येक डॉक्टरने विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" अण्णांनी प्रत्येकाला बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सांगितल्या. तेल हे औषध कुठे होतं त्यांच्या लेखी!

शेवटी सीटी स्कॅनमध्ये त्या डागाची घनता चरबीइतकी कमी दिसली. दुर्बीण घालून फुप्फुसाचा तो भाग सलाइनने धुतला, तर बाहेर आलेलं पाणी दुधासारखं गढूळ, आणि थोडा वेळ ठेवल्यावर वर तवंग. तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नाकात, तोंडात तेल वगैरे घालता का?" लिपॉइड न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसात तेल जाऊन आलेली सूज.

पाणी श्वासनलिकेत गेलं की आपण खोकून बेजार होतो. तेल गुळगुळीत, ते खोकला न जागवता खाली सरकतं. फुप्फुसातल्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि तिथे सूज धरते. रोज थेंब-थेंब, महिनोन्महिने. म्हणून "मला तर कधी ठसका लागला नाही" याला काही अर्थ नाही. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडणाऱ्या मालीशवाल्या बायांना बालरोगतज्ज्ञ ओरडतात, तेही यासाठीच.

हो, हे क्वचित होतं, मान्य. गुळण्या करणारे असंख्य, आणि अशी प्रकरणं कोरिया-जपानच्या डॉक्टरांनी नोंदवली तीही एखाददुसरीच. आणि हो, तेलाने तोंडातले जंतू कमी होतात असं छोट्या अभ्यासांत दिसलंय, काहींत तर क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशच्या जवळपास. पण ते अभ्यास थोड्या लोकांवरचे, थोड्या दिवसांचे. कीड थांबते हे कोणी दाखवलेलं नाही, आणि दातांवर घट्ट बसलेलं कीटण तेलाने निघत नाही. ब्रश करायचाच आहे, मग वीस मिनिटं कशासाठी?

"आपला आयुर्वेद" म्हणून माझ्यावर धावून येणाऱ्यांनी वाग्भट उघडून बघावा. अष्टांगहृदयात गंडूष म्हणजे तोंड भरून तेल नुसतं धरणं, न हलवता. हलवता येईल इतकंच घेतलं तर तो कवल. आणि तिथे स्पष्ट लिहिलंय: तोंड किंचित वर करून, न गिळता, तोंडात कफ भरेपर्यंत किंवा नाका-डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वीस मिनिटांचं घड्याळ त्यात नाही. अंथरूण तर नाहीच!

"किंचित वर" म्हणजे अण्णांसारखी मान मागे टाकणं नव्हे. ज्याला करायचंय त्याने ताठ बसून करावं, लहान चमचा, पाच मिनिटं, आणि घशाशी खळखळ अजिबात नाही. जबडा थकला की नकळत गिळलं जातं, त्याआधी थुंकायचं. पण ज्यांना चहा-पाण्याचा ठसका लागतो, झटका येऊन गेलाय, पार्किन्सन्स आहे, त्यांच्या आणि लहान मुलांच्या तोंडात तेल नकोच.

अण्णांचं तेल बंद केलं, तेच मुख्य औषध. ताप लवकर गेला, डाग विरायला मात्र काही महिने लागले. ते अजून म्हणतात, "चांगलंच तर करत होतो गं मी." मला त्यांचा राग येत नाही. कोणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

आत्ता मावशीचा फोन आला. अण्णांचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "चहा पितानाही ठसका लागतो गं यांना, दिवाळीपासून." उद्या छातीच्या डॉक्टरांकडे नेतेय. तिला म्हटलं, आत गेल्या गेल्या गोळ्यांच्या आधी तेलाचं सांग.