मंगळवार तोच, पण व्यवहार वेगळा: एका प्रतिक्रियेला उत्तर

«शेअरचे मासिक ऑप्शन शेवटच्या आठवड्यात धरू नका म्हणता. मी निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन दर मंगळवारी साडेतीनपर्यंत धरतो, काहीही होत नाही. शेवटी दोन्ही ऑप्शनच ना? आणि वेळेची घट टाळायची तर सरळ तिमाही घ्यावा, हे का सांगत नाही? उगाच घाबरवता लोकांना.»

निफ्टीबद्दलचा तुमचा अनुभव बरोबरच आहे. निर्देशांकाचा हिशेब रोखीत होतो. ऑप्शन आयटीएम, म्हणजे फायद्याच्या बाजूला असेल, तर एक्स्पायरीच्या बंद भावापासून स्ट्राइक जितका दूर, तेवढे पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात येतात आणि विषय संपतो. तिथे सांभाळायचं ते एवढंच की तो बंद भाव म्हणजे ३:२९ ला स्क्रीनवर दिसणारा आकडा नव्हे. सध्याच्या पद्धतीत तो निर्देशांकातल्या शेअरांच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या भारित सरासरीवरून निघतो. अर्धा तास निर्देशांक २४,९९० च्या आसपास घुटमळला आणि शेवटच्या मिनिटाला २५,०२० ला उडी मारली, तरी २५,००० चा कॉल शून्यावर जाऊ शकतो.

शेअरचं तसं नाही. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच शेअर ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते, आणि आयटीएम असलेला ऑप्शन आपोआप वापरला जातो. समजा, १,००० चा कॉल २२ रुपयांना घेतला, लॉट ५०० चा. म्हणजे गेले ११,००० रुपये. मंगळवारच्या एक्स्पायरीला शेअर १,०१२ वर बंद झाला. हातात ६,००० रुपयांचं मूल्य आहे, पण ते रोख मिळत नाही. तुम्हाला १,००० च्या भावाने ५०० शेअर घ्यावे लागतात, म्हणजे पाच लाख रुपये उभे करायचे. शेअर बुधवारी पे-आउट झाल्यावर खात्यात येतात. मधल्या वेळात भाव ९९० झाला, तर ते ६,००० जातातच, वर आणखी ५,००० चा खड्डा पडतो.

मार्जिनची मागणी तर त्याआधीच सुरू होते. आयटीएम खरेदीवर एक्स्पायरीच्या चार ट्रेडिंग दिवस आधीपासून डिलिव्हरी मार्जिनचे १०, २५, ४५ आणि ७० टक्के असे टप्पे लागतात. वरच्या उदाहरणात पूर्ण मार्जिन एक लाख धरलं, तर मधे सुट्टी नसताना बुधवारी संध्याकाळी १०,०००, गुरुवारी २५,०००, शुक्रवारी ४५,००० आणि सोमवारी ७०,०००. अनेक ब्रोकर याहून जास्त मागतात, आणि पैसे नसतील तर स्वतःच पोझिशन कापतात.

माझा खरा मुद्दा इथून पुढे आहे. हे मार्जिन टाळायला सगळेच एकाच वेळी विकायला येतात, आणि घेणाऱ्याला डिलिव्हरीची कटकट नको असते. त्यामुळे खोल आयटीएम ऑप्शनला खरेदीदार उरत नाहीत. शेअर १,०१२ ला असताना ९४० च्या कॉलचं मूल्य ७२ रुपये. पण डेप्थ उघडली तर वरची बोली ६९ ची दिसते. लॉटमागे १,५०० रुपये केवळ बाहेर पडण्यासाठी. म्हणून शेवटच्या आठवड्यात आधी बोली आणि मूल्य यांतला फरक मोजा, मग ऑर्डर टाका, आणि तीही लिमिट.

बोली फारच खाली असेल तर त्याच महिन्याचं फ्युचर तेवढ्याच लॉटचं विकता येतं. कॉलमधून येणारे शेअर आणि फ्युचरमधून द्यायचे शेअर एकमेकांत वजा होतात. फ्युचरचं मार्जिन मात्र हाताशी हवं. शिवाय हा उपाय खोल आयटीएमलाच ठीक. शेअर ९४० च्या खाली बंद झाला तर कॉल मरतो, विकलेलं फ्युचर उरतं आणि नसलेले शेअर द्यायची वेळ येते. मग प्रकरण लिलावात जातं. स्ट्राइकच्या अगदी काठावर हे करू नका.

तिमाहीचं म्हणाल, तर शेअर ऑप्शनमध्ये तिमाही मालिका नाहीच. चालू, पुढचा आणि त्यापुढचा असे तीन महिने मिळतात. निफ्टीत मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या लांबच्या मालिका आहेत, पण उलाढाल मुख्यतः हजारांच्या गोल स्ट्राइकवर साचते. बोली ६४० आणि मागणी ६६८ असेल, तर ६५ च्या लॉटवर आत शिरून लगेच बाहेर पडायला १,८२० रुपये लागतात. रोजची घट कमी, हे खरं. पण चार-पाच दिवसांच्या अंदाजासाठी तिमाही घेतला तर वाचलेल्या घटीपेक्षा हा फरकच जास्त खातो. तीन-चार महिने पोर्टफोलिओला विमा म्हणून पुट धरायचा असेल, तर मात्र तिमाही जरूर घ्या. गोल स्ट्राइक निवडा, दोन्ही भावांच्या मधली लिमिट लावा आणि ती भरेपर्यंत थांबा.