रजा नामंजूर झाल्यावर पाठवलेला दुसरा मेसेज

रजेचा अर्ज नामंजूर झाला की पहिल्या दहा मिनिटांत जे लिहावंसं वाटतं ते खुशाल लिहून काढावं, पण पाठवू नये. मागच्या वर्षी वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी सोमवार ते शुक्रवार अशी पाच दिवसांची रजा टाकली होती. दुसऱ्या दिवशी सिस्टीममध्ये उत्तर आलं: "क्लोजिंग वीक आहे. शक्य नाही." तेवढंच. मी लगेच लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य उतरलं, "इतक्या वर्षांत मी कधी महिनाअखेरीला रजा मागितली नाही." दुसरं वाक्य दुसऱ्या कुणाला तरी मिळालेल्या रजेबद्दल होतं. दोन्ही वाक्यं खरी होती, पण त्यांनी माझं काम होणार नव्हतं.

संध्याकाळी मी माझाच अर्ज पुन्हा उघडून वाचला. कारणाच्या रकान्यात "घरगुती काम". दिवस पाच. कामाच्या व्यवस्थेचा रकाना रिकामा. आमची अकाउंट्सची टीम सहा जणांची, त्यातल्या एकाची बुधवारपर्यंतची रजा आधीच मंजूर झालेली, आणि महिन्याचे पहिले तीन दिवस मागच्या महिन्याच्या हिशेबाची पुस्तकं बंद करण्याचे. मॅनेजर मॅडमना स्क्रीनवर एवढंच दिसत होतं. त्यावर त्यांनी दिलेला नकार मला आज अजिबात चुकीचा वाटत नाही. माझं मत असं आहे की बहुतेक वेळा नकार आपल्या कारणाला नसतो, त्या दिवसांच्या कामाचं उत्तर समोर नसल्यामुळे असतो. म्हणून दुसऱ्या मेसेजमध्ये कारण आणखी करुण करून लिहिण्यात अर्थ नाही. त्या कामाचं उत्तर द्यायचं.

आधी मी त्यांच्याकडे जाऊन एकच प्रश्न विचारला: "मॅडम, नेमकी अडचण कोणत्या दिवसाची आहे?" "का नाही?" असं विचारलं असतं तर त्यांना आपल्या निर्णयाची बाजू मांडावी लागली असती. दिवस विचारल्यावर त्या कॅलेंडर उघडून बसल्या. अडचण सोमवार-मंगळवारची निघाली. शुक्रवारबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. "क्लोजिंग वीक" म्हणजे पाचही दिवस सारखेच अडचणीचे नव्हते, पण हे विचारल्याशिवाय कळलं नसतं.

मग मी माझी गरज तपासली. ऑपरेशन बुधवारी सकाळी. ॲडमिशन मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता. गुरुवारी वडिलांना उभं करून चालवणार, तेव्हा घरचं कुणीतरी जवळ हवं. बहीण गुरुवारी रात्री पोहोचणार होती. म्हणजे ज्याला पर्याय नव्हता असा काळ मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार रात्र एवढाच होता. सोमवार मी तयारीसाठी घेतला होता आणि शुक्रवार असू दे म्हणून. हे स्वतःशी कबूल करायला मला जड गेलं, कारण नामंजूर झालेली गोष्ट आपण आणखी घट्ट धरतो. पण ज्याची तारीख हलत नाही ते आणि ज्याची हलू शकते ते एकाच अर्जात मिसळलं, की न हलणाऱ्या गोष्टीचंही वजन जातं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कामाच्या व्यवस्थेत, आणि माझ्या मते अपील तिथेच जिंकलं किंवा हरलं जातं. "टीमवर किती लोड आहे याची मला कल्पना आहे" हे वाक्य सगळेच लिहितात. ते वाचून कुणाचाही लोड कमी होत नाही. लोड मान्य करायचा असेल तर त्या दिवसांतलं आपलं एकेक काम नाव घेऊन लिहायचं आणि त्यापुढे ते कोण, कधी करणार हे लिहायचं.

माझ्याकडे तीन मोठी कामं होती: व्हेंडर पेमेंटची बॅच, बिल न आलेल्या खर्चाच्या प्रोव्हिजनच्या एंट्री आणि बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या नोंदी आपल्या पुस्तकांशी जुळवणं. शिवाय गुरुवारचा एक रिपोर्ट. माझा पहिला विचार सरळ होता, शेजारच्या टेबलावरची मैत्रीण सांभाळेल. तिला विचारायला गेले आणि पहिल्याच कामाला अडकले. पेमेंट मी एंटर करते आणि ती अप्रूव्ह करते. एंटर करणारी आणि अप्रूव्ह करणारी व्यक्ती एकच असून चालत नाही, हा तर पेमेंटचा मूळ नियम. तिच्यावर दोन्ही टाकलं असतं तर सिस्टीमने अडवलं असतं, किंवा कुणीतरी कुणाचा तरी पासवर्ड वापरला असता, आणि ते रजा न मिळण्यापेक्षा वाईट. म्हणून ती बॅच आदल्या शुक्रवारीच एंटर करून ठेवायची ठरवली, पेमेंटची तारीख मात्र सोमवारचीच, नाहीतर रक्कम जुन्या महिन्यात गेली असती. रिकन्सिलिएशन ती करू शकत होती, पण तिला त्या खात्यांचा फक्त बघण्याचा ॲक्सेस होता. एंट्री टाकण्याचा तात्पुरता ॲक्सेस मिळायला आमच्याकडे दोन दिवस लागतात. ही गोष्ट मंगळवारी दुपारी लक्षात आली असती तर माझा अख्खा प्लॅन कागदावरच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हा मेसेज पाठवला:

"मॅडम, माझी पाच दिवसांची रजा का मंजूर होऊ शकली नाही ते काल बोलल्यावर समजलं. सोमवार-मंगळवारी आधीच एक जण कमी आहे, त्यात मी नसले तर पेमेंट आणि प्रोव्हिजन दोन्ही अडकतील, हे मला मान्य आहे. म्हणून दिवस कमी करून पुन्हा विचारते आहे.

वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन बुधवारी सकाळी आहे आणि ती तारीख मला बदलता येत नाही. गुरुवारी रात्री बहीण येईपर्यंत त्यांच्याजवळ थांबणारी मी एकटीच आहे. त्यामुळे मंगळवारचा दुपारनंतरचा अर्धा दिवस, बुधवार आणि गुरुवार असे अडीच दिवस हवे आहेत. सोमवारी आणि शुक्रवारी मी पूर्ण वेळ आहे.

पेमेंटची बॅच या शुक्रवारी एंटर करून अप्रूव्हलला पाठवते. प्रोव्हिजन सोमवारी संपवते. रिकन्सिलिएशनची दोन खाती बुधवारवर जातील, ती करायला माझी सहकारी तयार आहे. तिच्या ॲक्सेसची रिक्वेस्ट तयार ठेवली आहे, तुमचा होकार आला की पाठवते. बदल्यात शुक्रवारी तिच्या थकीत येण्यांची यादी मी करेन. गुरुवारचा रिपोर्ट मात्र मला कुणाकडे सोपवता आलेला नाही. तो शुक्रवारी दुपारी बारापर्यंत दिला तर चालेल का, हे तुम्ही ठरवावं.

यातलं काही बसत नसेल तर सांगा, बदलते. हॉस्पिटलला थांबणाऱ्याचं नाव कळवायचं आहे, म्हणून गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं तर बरं होईल."

यात रिपोर्टबद्दलचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं. सगळं जुळलंय असं दाखवण्याचा मोह होतो, पण मॅनेजरला भोक दिसतंच, आणि एक भोक लपवलेलं सापडलं की बाकीच्या व्यवस्थेवरचाही विश्वास उडतो. आपणच दाखवलं तर त्यांना ठरवायला एक छोटी, सोपी गोष्ट मिळते.

"फोनवर उपलब्ध असेन" हे मी लिहिलं नाही. हॉस्पिटलमध्ये मी फोन उचलू शकेनच असं नव्हतं, आणि जे पाळता येणार नाही ते कबूल केलं की बुधवारी अकरा वाजता कुणीतरी त्या शब्दावर विसंबून बसतं. वडिलांच्या तपासण्यांचे तपशील लिहिले नाहीत. ऑपरेशन, वार आणि मीच का, एवढं पुरेसं होतं. सहकारी तयार आहे हे मात्र तिला विचारूनच लिहिलं. मी हे वारंवार पाहिलंय, लोक परस्पर नाव टाकतात, मॅनेजर तिला विचारतात, ती गोंधळते, आणि अपील तिथेच संपतं.

मॅडमचं उत्तर त्याच दुपारी आलं. मंगळवारी अर्धा दिवस जमणार नव्हता, पण चार वाजता निघायला त्यांनी परवानगी दिली. रिपोर्टची वेळ त्यांनी वरच्यांशी बोलून पुढच्या सोमवारवर नेली, आणि क्लोजिंग संपलेलं असेल म्हणून शुक्रवार मी न मागता दिला. मैत्रिणीची यादी मी मग सोमवारी केली.

नेहमी असंच होईल असं मी म्हणणार नाही. उत्तर पुन्हा "नाही" आलं असतं तर मी आणखी एकदाच लिहिलं असतं, की या अडीच दिवसांपैकी कोणता भाग शक्य आहे. त्यानंतर वर जायचं असेल तर आधी मॅनेजरला सांगून, आणि हाच मेसेज पुढे पाठवून. पहिल्याच अपिलात एचआरला सीसी ठेवू नये. मॅनेजर मग तुमची व्यवस्था वाचत नाहीत, स्वतःचा बचाव लिहितात.

स्वतःचं आजारपण किंवा बाळंतपण यासाठी मात्र हा मेसेज वापरू नका. कायद्याने किंवा कंपनीच्या नियमाने जी रजा आपल्या हक्काची आहे तिथे दिवस कमी करून बोलणी करायची नसतात, नियम दाखवून कळवायचं असतं. तिथे अशी घासाघीस केली तर पुढच्या माणसाचा हक्कही विनंतीसारखा वागवला जातो.

आणि जिथे प्रत्येकच आठवडा "क्लोजिंग वीक" असतो, तिथेही असा मेसेज लिहाच. तारखा, कामं, कोण करणार, सगळं नोंदलेलं असूनही तीनदा नकार आला, तर माणसं कमी आहेत हे कुणाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. ते तीन मेसेज एकाखाली एक ठेवले की दिसतं.

त्या बुधवारी मला एकच फोन आला, दुपारी दीडला, वडील ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आल्यावर. मैत्रिणीचा होता. दुसऱ्या खात्यात एक चेक जुळत नव्हता. तो मागच्या महिन्यात रद्द केलेला होता, मी हँडओव्हरच्या नोटमध्ये लिहायला विसरले होते. दोन मिनिटांत झालं. मग तिने विचारलं, "काका कसे आहेत?"